फोटो उडाला, प्रश्न उरला : श्लोकाचा अर्थ सांगताना या चुका टाळा

भाच्याचा निरोप आला होता. "आत्या, हा मुद्रेवरचा श्लोक आहे. अर्थ सांग ना. यातला शिव म्हणजे महाराज की शंकर? 'लेखा' म्हणजे लिहिलेलं का? आणि 'राजते' म्हणजे राज्य करते का?" खाली फोटोच्या जागी नुसता राखाडी चौकोन होता. त्याने फोन बदलला होता, त्यामुळे मूळ फोटो त्याच्याकडेही उरला नव्हता.

मुद्रा, शिव, लेखा, राजते एवढे शब्द दिसल्यावर माझ्या मनात विचाराला जागाच राहिली नाही. शिवाजी महाराजांची मुद्रा तोंडपाठ आहे :

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

मी उत्तर लिहून पाठवलं. शुक्ल प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंदनीय अशी शहाजींचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. 'लेखा' म्हणजे कोर, 'शिव' म्हणजे महाराज. प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर होता, फक्त श्लोक वेगळा होता. त्याने विचारलं होतं ते संभाजी महाराजांच्या मुद्रेबद्दल :

श्री शंभोः शिवजातस्य मुद्रा द्यौरिव राजते ।
यदंकसेविनो लेखा वर्तते कस्य नोपरि ॥

ही चूक अगदी सहज होते. दोन्ही श्लोक अनुष्टुभात आहेत, दोन्हींत मुद्रा, शिव, लेखा, राजते हे शब्द आहेत आणि उपमेचा 'इव'सुद्धा दोन्हींत आहे. आपल्याला पाठ असलेला श्लोक समोर नसलेल्या फोटोच्या जागी जाऊन बसतो, आणि एकदा बसला की प्रश्नातला प्रत्येक शब्द त्याला जुळतोय असंच वाटू लागतं.

खरं तर उत्तर प्रश्नातच होतं, मी ते नीट वाचलं नाही. संस्कृत न येणारा माणूस प्रश्न विचारताना शब्द दिसतो तसा उतरवतो, संधी सोडवत बसत नाही. महाराजांच्या मुद्रेत 'लेखा' असा सुटा शब्द कुठेच नाही. तिथे 'लेखा' आणि 'इव' जुळून 'लेखेव' झालं आहे, आणि तेही 'प्रतिपच्चंद्र'ला चिकटलेलं. भाच्यासमोर हा श्लोक असता तर त्याने "'लेखेव' म्हणजे काय?" असंच विचारलं असतं. त्याने 'लेखा' लिहिलं, कारण संभाजी महाराजांच्या मुद्रेत तो शब्द तसाच सुटा उभा आहे. म्हणून प्रश्नातल्या शब्दाचा अर्थ शोधण्याआधी त्याचं रूप पाहावं आणि मनात आलेल्या श्लोकात तो शब्द त्याच रूपात दिसतो का, हे ताडून घ्यावं. दिसत नसेल तर तिथेच थांबावं. अर्थात कुणी मूळ शब्द सोडवून लिहिला असेल तर ही खूण चालत नाही. 'शिव'चंच पाहा. तो सुटा शब्द दोन्हीकडे नाही, एकीकडे 'शिवस्यैषा' आहे आणि दुसरीकडे 'शिवजातस्य'. भाच्याला ओळखीचं नाव दिसलं आणि त्याने तेवढंच उचललं, म्हणून तो शब्द काहीच ठरवत नाही.

"कितव्या ओळीत आहे?" हा प्रश्न मी पुढे विचारला, पण त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पुस्तकात हे श्लोक दोन ओळींत छापतात, म्हणून 'लेखा' महाराजांच्या मुद्रेत पहिल्या ओळीत येते आणि संभाजी महाराजांच्या मुद्रेत दुसऱ्या. पण फोटो प्रत्यक्ष शिक्क्याचा असेल तर अक्षरं जागा मिळेल तशी तुटतात. महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे, तिच्यात ओळ म्हणजे चरण नव्हे. त्यापेक्षा "'लेखा' आधी दिसतं की 'राजते'?" असं विचारावं. ओळी कशाही तुटल्या तरी हा क्रम बदलत नाही. एकात लेखा आधी येते आणि राजते शेवटी. दुसऱ्यात राजते आधी येतं आणि लेखा नंतर. भाच्याला एवढं आठवत होतं की 'राजते'नंतर आणखी बरंच काही होतं, आणि त्यावरून निकाल लागला.

आता श्लोक बदलला की अर्थ किती बदलतो ते पाहा. 'लेखा' हा शब्द दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे, पण एकीकडे ती चंद्राची कोर आहे आणि दुसरीकडे लिहिलेला मजकूर, म्हणजे आज्ञापत्र. शिवपुत्र शंभूची ही मुद्रा आकाशासारखी शोभते. तिच्या अंकाचा आश्रय घेणाऱ्याचा लेख कुणावर चालत नाही? म्हणजे सर्वांवर चालतो. 'अंक' म्हणजे खूण आणि मांडीही, त्यामुळे मुद्रेचा ठसा आणि मुद्रेचा आश्रय हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात. 'लेखा'चा तिसराही अर्थ मनात येतो, कारण अमरकोशात देवांच्या नावांमध्ये 'लेखाः' आहे आणि इथे आकाशाची उपमा आहे. पुढे 'व' असल्यामुळे 'लेखाः'चा विसर्ग संधीत गळला असता, म्हणून नुसत्या त्या शब्दावरून काही कळत नाही. पण क्रियापद 'वर्तते' एकवचनी आहे. देव असते तर 'वर्तन्ते' हवं होतं. व्याकरणाने अर्थ लेखनाचाच लागतो, देवांची फार तर छटा. हे सगळं 'वर्तते' समोर असल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून प्रश्नातल्या सुट्या शब्दाचा शब्दकोशातून अर्थ काढून देणं मी सोडून दिलं आहे.

भाच्याच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर मात्र श्लोक कोणताही असला तरी तेच राहतं. 'राजते' म्हणजे शोभते, झळकते. राजा आणि राज्य हे शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून 'राज्य करते' असं भाषांतर होतं, पण मुद्रा आकाशासारखी राज्य करते असं म्हणून पाहिलं की ते बसत नाही हे लगेच कळतं. फोटो नसताना आधी असा, कोणत्याही श्लोकात न बदलणारा भाग सांगावा आणि बाकीचा राखून ठेवावा. 'शिव'चं तसं नाही. एका मुद्रेत 'शिवस्य' म्हणजे खुद्द महाराज. दुसरीत 'शिवजातस्य' म्हणजे महाराजांपासून जन्मलेला, आणि 'शंभोः' म्हणजे संभाजी महाराज. दोन्ही नावं शंकराची असल्यामुळे शंकराची सावली तिथे पडतेच, पण मुद्रा कुणाची हे त्यावरून ठरत नाही.

श्लोक शोधताना आणखी एक गोष्ट अडते. ग्रंथांच्या शेवटी श्लोकांची सूची असते ती पहिल्या चरणाच्या पहिल्या अक्षराने लावलेली, त्यामुळे मधला 'लेखा' किंवा शेवटचा शब्द तिथे कामाला येत नाही. विचारणाऱ्याला सुरुवातीची दोन अक्षरं आठवतात का, हे आधी विचारावं. संगणकावर शोधताना 'यदंक' आणि 'यदङ्क', 'शंभोः' आणि 'शम्भोः' अशी दोन्ही रूपं टाकावीत, कारण अनुस्वार आणि परसवर्ण यांतला फरक शोधयंत्राला दोन वेगळे शब्द वाटू शकतो. आणि 'लेखा' टाकून 'लेखेव' सापडेल अशी आशा धरू नये.

विचारणाऱ्याला काहीच आठवत नसेल तर मी आता एकच उत्तर देत नाही. दोन्ही श्लोक लिहून पाठवते, खाली दोन्हींचा अर्थ, आणि एवढंच विचारते, "यातला कोणता होता?" स्वतःहून आठवणं जड जातं, पण पाहिलेलं समोर आलं की माणूस ओळखतो. भाच्याने दुसरा श्लोक वाचला आणि लगेच लिहिलं, "हाच. तो 'द्यौरिव' मला वाचताच येत नव्हता, म्हणून विचारलं नाही."