दोन पर्याय कटले, आता ठोकायचं का?

उत्तर माहीत नसलेल्या बहुपर्यायी प्रश्नात चारपैकी दोन पर्याय खोडले की उरलेल्यांत अंदाज बरोबर येण्याची शक्यता निम्मी. बरोबर उत्तराला 1 गुण आणि चुकीला 1/3 वजा असेल, तर अशा दहा प्रश्नांत साधारण पाच बरोबर, पाच चूक धरा: 5 मिळाले, 1.67 गेले. बिनधास्त ठोका. वजावट पूर्ण 1 गुणाची असेल, तर मात्र पाच कमावले, पाच गेले. हाती शून्य, वर वेळ गेला तो वेगळाच.

तरीही निकालात एखादा अंदाज गुण खातोच. सरासरी दहा प्रश्नांची असते. एकट्या प्रश्नात एकतर 1 मिळतो नाहीतर 1/3 जातो.

खरी गोम मात्र खोडण्यात आहे. ‘हे नसावं बहुतेक’ म्हणून काटलेल्यांतच बरोबर उत्तर असलं, तर निम्मी शक्यता कागदावरच राहते. समजा वजावट 1/2 आहे आणि तुमचं खोडणं दहापैकी सहा वेळाच बरोबर असतं. मग दहा अंदाजांत बरोबर तीनच: 3 मिळाले, 3.5 गेले. म्हणून सराव पेपर तपासताना खोडलेल्या पर्यायांवरही नजर टाका आणि बरोबर उत्तर त्यांत किती वेळा सापडलं ते मोजा.