अर्धायुष्याची वर्कशीट तपासताना: आधी पार्श्वभूमी वजा केली का ते पाहा

शिकवणीत वर्कशीट तपासायला लागलो तेव्हा मी आधी उत्तर बघायचो. बेरियम-137m या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, साधारण 153 सेकंद, म्हणून 150 ते 165 मधलं काहीही आलं की बरोबरची खूण. एका मुलीच्या वहीत 160 होतं. मी बरोबर दिलं आणि पुढच्या वहीकडे वळलो. ती म्हणाली, "सर, पण दुसऱ्यांदा काढलं तर 167 येतंय." तिथे मी थांबलो.

तिच्या आलेखाची सुरुवात दर मिनिटाला 824 नोंदींपासून होती. 824 चे निम्मे 412, तिथे वेळ 160 सेकंद. 412 वरून 206 वर यायला 167, तिथून 103 वर यायला 184, आणि पुढच्या निमपटीला तर 233 सेकंद. अर्धायुष्य असं वाढत जात नाही. कुठूनही मोजलं तरी ते तेवढंच यायला हवं. ते वाढत असेल, तर प्रत्येक नोंदीत न घटणारं काहीतरी मिसळलेलं आहे. वर्कशीटच्या डोक्यावरच लिहिलं होतं: नमुना नसताना काउंटर दर मिनिटाला 24 दाखवतो. भिंती, माती, अंतराळातून येणारे किरण यांचा तो पार्श्वभूमी किरणोत्सर्ग तिने वजाच केला नव्हता.

आम्ही दोघांनी आलेख पुन्हा काढला. 800 पासून सुरुवात, 153 सेकंदांना 400, 306 ला 200, 459 ला 100. तिन्ही टप्पे सारखे. चूक सुरुवातीला जेमतेम दिसते, कारण 824 मध्ये 24 म्हणजे काहीच नाही. पण 124 मध्ये तेच 24 जवळजवळ पाचवा हिस्सा असतात. म्हणून पहिल्याच निमपटीवर उत्तर तपासू नका. निदान तीन ठिकाणी निम्मं करायला लावा.

वक्राचा आकारही हेच सांगतो. वजाबाकी न केलेला वक्र शेवटी 24 च्या रेषेशी सपाट होत जातो, तर केलेला शून्याकडे झुकतो. 306 सेकंदांना शून्य गाठणारी सरळ रेष काढणारी मुलंही भेटतात. "दोन अर्धायुष्यं झाली की सगळं संपलं" हा त्यामागचा समज. त्यांना 306 वर किती उरलं ते विचारा. चौथा हिस्सा, म्हणजे 200, हे बहुतेक जण स्वतःच सांगतात.

बिंदू वक्राच्या थोडे वर-खाली असले म्हणून गुण कापू नका. ऱ्हास यादृच्छिक असतो. 100 मोजले तर दहाएकचा फरक सहज पडतो, 400 ला वीसेकचा. पट्टीने बिंदू जोडून करवतीसारखी रेष काढली असेल, तर मात्र बिंदूंच्या मधून जाणारा एकच गुळगुळीत वक्र पुन्हा काढायला सांगा. वेळ त्या वक्रावरून वाचायची, एखाद्या सुट्या बिंदूवरून नाही.

त्या मुलीच्या वहीतली बरोबरची खूण मी खोडली. शेजारी तिने तीन वेळा 153 लिहिलं, मग नवी खूण केली.