शिंका थांबल्या, पण इच्छाही गेली

धुळीच्या ॲलर्जीसाठी मी रोज रात्री क्लोरफेनिरामिनची गोळी घ्यायचे. नाक वाहणं थांबायचं, पण तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड. नवऱ्याने जवळ घेतलं तरी मन आणि अंग, दोन्ही ढिम्म, योनीतही कोरडेपणा. मला वाटलं, वयाचा परिणाम! डॉक्टरांनी विचारलं, "हे गोळी सुरू केल्यानंतरचं का?" ही जुन्या पिढीची गोळी मेंदूत शिरून गुंगी आणते आणि ओलावाही कमी करते. त्यांनी तिच्याऐवजी फेक्सोफेनाडिन ही कमी गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी आणि नाकात फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला. स्प्रेचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात, पण कोरडेपणा लवकर गेला, इच्छा हळूहळू परतली. माझी ॲलर्जीची गोळी लगेच बदलता आली; रोज घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची गोळी मात्र अचानक बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.