समोरच्याने मांडलं म्हणून वाईट? वाटाघाटीतल्या या चुका टाळा

‘तो स्वतःहून देतोय ना, मग त्यात काहीतरी काळंबेरं असणारच.’ मध्यस्थी करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कधी येणार हेही कळतं. बहुतेक वेळा कलमं पुरती वाचून व्हायच्या आधीच येतं. प्रस्तावात काय आहे यापेक्षा तो कोणाकडून आला यावर त्याची किंमत ठरते आणि ती नेमकी घसरते. मानसशास्त्रात याला ‘रिॲक्टिव्ह डिव्हॅल्यूएशन’ म्हणतात.

मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि कॉन्स्टन्स स्टिलिंजर यांनी 1986 साली अमेरिकेत रस्त्याने जाणाऱ्या लोकांना अण्वस्त्रकपातीचा एक प्रस्ताव दाखवला. लांब पल्ल्याची अस्त्रं लगेच निम्म्यावर आणायची आणि पुढच्या काही वर्षांत ती आणखी कमी करत जायची, असा तो होता. प्रस्ताव अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांचा आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातल्या 90 टक्क्यांना तो अमेरिकेच्या फायद्याचा किंवा दोन्ही बाजूंना सारखा वाटला. तटस्थ तज्ज्ञांचा आहे म्हटल्यावर हे प्रमाण 80 टक्के झालं आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचं नाव घेतल्यावर 44 टक्क्यांवर आलं. मजकुरात फरक काहीच नव्हता.

हा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. तो सांगून झाला की लोक हसतात, माना डोलावतात आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा त्याच चुका करतात.

पहिली चूक: चांगला प्रस्ताव तयार बांधून समोरच्याच्या हातात ठेवणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, कारण ती हुशार माणसं करतात. रात्र जागून दोन्ही बाजूंना परवडेल अशी रचना करायची, छान मसुदा करायचा आणि सकाळी पाठवून द्यायचा. वर म्हणायचं, ‘इतकं न्याय्य आहे, नाही कशाला म्हणेल?’ तो नाही म्हणतो, कारण मसुद्यावर तुमचं नाव असतं.

यामागे शत्रुत्वाइतकंच आणखी एक कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले विद्यार्थी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी संबंधित कंपन्यांमधली विद्यापीठाची गुंतवणूक काढून घ्या म्हणून मागणी करत होते. तेव्हा रॉस आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यासमोर तडजोडीच्या दोन योजना ठेवल्या. एकीत ठरावीक कंपन्यांमधून लगेच बाहेर पडायचं होतं. दुसरीत मुदत द्यायची आणि तोवर सुधारणा झाली नाही तर सगळीकडून बाहेर पडायचं. विद्यापीठ पहिली योजना देणार असं ज्यांना सांगितलं, त्यांना दुसरी जास्त भावली. दुसरी देणार म्हटलेल्यांचा कल पहिलीकडे गेला. म्हणजे देऊ केलेली गोष्ट पदरात पडल्यासारखी वाटते आणि डोळे न मिळालेल्या गोष्टीकडे वळतात.

हे माझ्यासमोर घडताना पाहिलंय. दोन भागीदार धंदा वेगळा करत होते. वाटायच्या गोष्टी मोजक्याच होत्या: यंत्रं, शिल्लक माल आणि जुन्या ग्राहकांची देखभालीची कंत्राटं. पहिल्या स्वतंत्र बैठकीत मी दोघांकडूनही पसंतीक्रम लिहून घेतला. धाकट्या भागीदाराने लिहिलं: आधी कंत्राटं, मग निम्मा माल, आणि यंत्रं नसली तरी चालेल. थोरल्याला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीआधी त्याने स्वतःच पत्र पाठवलं: कंत्राटं तू घे, यंत्रं माझ्याकडे राहू दे, माल निम्मा-निम्मा.

धाकट्याने पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. ‘कंत्राटं बुडायला आली असणार. त्याला आतली काहीतरी खबर आहे.’ मी त्याचाच कागद त्याच्यासमोर ठेवला. कोणी म्हणेल, इथे मिटलं. मिटलं नाही. तो म्हणाला, ‘तो देणार नाही असं धरून लिहिलं होतं. आता विचार केला तर खरी किंमत यंत्रांनाच आहे.’ ज्यांना वाटतं की माणसाला त्याचा विरोधाभास दाखवला की तो शहाणा होतो, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मग मी त्याला वाद घालू दिला नाही, प्रश्न लिहायला लावले. कोणतं कंत्राट कधी नूतनीकरणाला येतं? गेल्या वर्षी प्रत्यक्ष वसुली किती झाली? कोणत्या ग्राहकाने तक्रार नोंदवली आहे? संशय असा कागदावर आला की तो तपासता येतो. यादी आली, वसुली ठीक होती. दोन कंत्राटांचं नूतनीकरण मात्र जवळ आलं होतं, म्हणजे त्याची शंका अगदीच हवेतली नव्हती. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: या दोनपैकी एखादं सहा महिन्यांत तुटलं तर थोरल्याने यंत्रांच्या किमतीतून ठरलेली भरपाई द्यायची. थोरल्याने ते मान्य केलं. त्यानंतर धाकटा त्या पत्राला ‘आपला मसुदा’ म्हणू लागला.

थोरल्याचीही एक चूक होती. तो कंत्राटं का सोडतोय हे पत्रात कुठेच नव्हतं. खरं कारण साधं होतं: देखभालीसाठीची धावपळ त्याला आता झेपत नव्हती. हे त्याने मला एकट्याला सांगितलं होतं आणि पुढे सांगायला त्याची परवानगी घ्यावी लागली. तुम्ही सवलतीचं कारण दिलं नाही, तर समोरचा स्वतः एक कारण तयार करतो आणि ते कधीच तुमच्या बाजूचं नसतं. म्हणून मी प्रत्येक सवलतीखाली एक ओळ लिहायला लावते: हे आम्हाला का परवडतं, किंवा तुमच्या कोणत्या मागणीमुळे आम्ही इथवर आलो. दुसरं कारण खरं असेल तर तेच लिहावं. आपल्या दबावाने मिळालेली गोष्ट माणूस सहसा हलकी मानत नाही.

माझी सवय साधी आहे. प्रस्ताव तोंडून निघण्याआधी दोन्हीकडून पसंतीक्रम लेखी घ्यायचा. कागद असला तरी माणूस मत फिरवतो हे वर पाहिलंच, पण निदान नक्की काय बदललं हे विचारता येतं. दुसरं, एकच पर्याय न्यायचा नाही. स्वतःला खरोखर चालतील असे दोन न्यायचे आणि म्हणायचं, यातला निवडा आणि खाडाखोड करा. दोनातला एक मुद्दाम टाकाऊ ठेवणारे असतात. समोरच्याला तो लगेच दिसतो आणि दुसऱ्याचीही किंमत जाते.

दुसरी चूक: सगळ्या संशयाला पूर्वग्रह म्हणणं

चार लेख वाचून आलेल्यांची ही आवडती चूक. समोरचा हरकत घेतो आणि हे म्हणतात, ‘हा तुमचा पूर्वग्रह आहे.’ असं म्हटलं की वाटाघाट संपली.

प्रस्ताव कोणाचा आहे ही कधीकधी खरी माहिती असते. फक्त किमतीवर घासाघीस चालू असेल आणि समोरच्याने तुमचा पहिलाच आकडा झटकन मान्य केला, तर वस्तूची खरी किंमत वेगळी असावी असं वाटणं गैर नाही. त्याच्या फायद्यात तुमचं नुकसान असतंच. अनेक मुद्दे असलेल्या वाटाघाटीत तसं नसतं, कारण एका बाजूला बिनमहत्त्वाचं असलेलं दुसऱ्याला मोलाचं असू शकतं. वरच्या भागीदारांमध्ये नेमकं हेच होतं.

म्हणून मी प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने खूण करते. सही होताच पूर्ण होणारं किंवा बाहेरून तपासता येणारं कलम असेल, तर तिथे नावाला काडीचीही किंमत देऊ नये. यंत्र कोणी दिलं म्हणून ते कमी चालत नाही. उद्या पाळायच्या शब्दावर उभं असलेलं कलम असेल, तर शब्द कोणाचा हे बघायलाच हवं. मात्र तिथेही उत्तर नकार नसतं. तारण मागा, टप्प्याटप्प्याने देवाणघेवाण ठरवा, मोडल्यास काय ते लिहून घ्या.

पूर्वग्रह ओळखायचा असेल तर मी एकच गोष्ट ऐकते: हरकत कलमावर आहे की हेतूवर? ‘तिसऱ्या कलमातली मुदत कमी आहे’ ही हरकत आहे. ‘त्याला बरं जुळून येतंय हे’ ही नाही.

तिसरी चूक: ‘मी नाव बाजूला ठेवून विचार करतो’ यावर भरवसा

नाव एकदा कळलं की ते डोक्यातून काढता येत नाही. काढल्यासारखं वाटतं, एवढंच. त्यापेक्षा किमान काय चाललं तर सही करीन, हे समोरच्याच्या प्रस्तावाचं पाकीट फोडण्याआधी लिहून ठेवा. किंवा ज्याला प्रकरण ठाऊक नाही अशा सहकाऱ्याला दोन्ही बाजूंची कलमं नावं काढून एकाच कागदावर उतरवायला सांगा आणि ती आधी वाचा. भाषेवरून ओळखू येत असेल तर ती भाषा त्याने बदलावी. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

चौथी चूक: दुसऱ्याच्या नावावर खपवणं

‘तटस्थ माणसाचा म्हणून सांगू, पटेल त्याला.’ हा आडमार्ग मला अजिबात खपत नाही. एकदा उघडं पडलं की त्या प्रस्तावाबरोबर आधीचे सगळेही संशयात जातात.

खऱ्या तटस्थ हातातून मसुदा येणं ही वेगळी गोष्ट. 1978 साली कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायल यांच्या शांतता वाटाघाटींत 13 दिवसांत अमेरिकन चमूने एकाच मसुद्याच्या 23 आवृत्त्या काढल्या. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना एकमेकांचा प्रस्ताव स्वीकारा असं सांगावं लागलं नाही. यात कुठे अडतं तेवढं विचारायचं आणि पुढची आवृत्ती करायची.

छोट्या प्रकरणात मी मध्यस्थाचा प्रस्ताव वापरते. मी एक मसुदा देते, दोन्ही बाजू मला एकट्याला बंद पाकिटात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवतात. दोघांचं हो असेल तरच उत्तरं उघड होतात. एकाचं ‘नाही’ आलं तर दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं होतं हे त्याला कधीच कळत नाही, त्यामुळे ‘तो तयार आहे, म्हणजे आपण फसतोय’ ही साखळी सुरूच होत नाही. फक्त हा उपाय घाईने वापरू नका. पहिल्याच बैठकीत वापरला तर मध्यस्थाला अजून कोणाचीच खरी गरज माहीत नसते. मग दोन्ही पाकिटांत ‘नाही’ निघतं, आणि पुढच्या मसुद्याच्या वेळी मध्यस्थही कोणाचा तरी माणूस वाटू लागतो.