या चुका टाळा : बेसनात गाठी का होतात, चव कच्चट का लागते

पिठल्यात गाठी झाल्या की दोष बहुतेकदा हात न हलवण्याला दिला जातो. पण गाठी दोन तऱ्हेच्या असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली गाठ डब्यातच तयार होते. हरभरा डाळीचं पीठ बारीक असतं आणि हवेतली ओल पटकन धरतं. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडला की थंड पिठावर दमट हवेचं पाणी बसतं, आणि दाबून भरलेलं पीठ चिकटून त्याचे खडे होतात. हे खडे बोटांनी सहज चुरडतात. त्यांच्यासाठी चाळण पुरेशी आहे.

दुसरी गाठ पातेल्यात होते. कोरडं पीठ उकळत्या आधणात पडलं की बाहेरच्या कणांतला स्टार्च क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठाभोवती कवच धरतो. मग पाणी आत शिरत नाही, कितीही ढवळा. अशी गाठ चमच्याने फोडली की आत पांढरट कोरडं पीठ दिसतं. ती होऊ द्यायची नसेल, तर पीठ गरम पाण्याला भेटण्याआधीच गार पाण्यात पूर्ण कालवलेलं हवं. चाळण तिथे अर्धंच काम करते.

कच्चट चवीचं कारण वेगळं आहे. कच्च्या डाळीच्या पिठात तेलाचा अंश आणि त्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पाणी लागलं की ते जागं होतं आणि हिरव्या शेंगेसारखा वास सुटतो. भाजल्याने हे विकर निकामी होतं, आधीचा उग्र वास उडतो आणि खमंगपणा येतो. नुसतं उकळूनही कच्चेपणा जातो, पण खमंगपणा येत नाही. शिवाय मध्येच गॅस बंद केला तर चव अर्धवट राहते.

१०० ग्रॅम, म्हणजे साधारण एक कप बेसन घेऊन पिठलं करायचं आहे असं समजा. आधी पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. भाजण्याआधी चाळायचं अशासाठी, की खडा तसाच कढईत गेला तर बाहेरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. पुढे तो कडकही होतो. जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आंचेवर पीठ कोरडंच ८ ते १० मिनिटं परता, उलथणं तळाला खरवडत. मोठी आंच ही इथली सर्वांत महागडी चूक: तळाचं पीठ करपतं, वरचं कच्चं राहतं आणि करपलेला कडूपणा सगळ्यात उतरतो. घड्याळापेक्षा वासावर विसंबा. सुरुवातीला पीठ उलथण्याला जड लागतं, ओल गेली की हलकं होऊन वाळूसारखं सरकतं. रंग एक छटाच गडद होतो आणि भाजलेल्या डाळीचा वास येतो. चिमूटभर चाखा: टाळूला चिकटून कडवट लागलं तर अजून दोन मिनिटं द्या.

झालं की लगेच परातीत काढा, कारण गॅस बंद केला तरी तापलेली कढई भाजतच राहते. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा चाळा. चाळणीत उरलेले लाल कण टाकून द्या.

आता १०० मिली साध्या तापमानाचं पाणी थोडं थोडं घालत पीठ घट्टसर कालवा. घट्ट पिठात गुठळ्या चमच्याखाली चिरडल्या जातात, पातळात नुसत्या तरंगत राहतात. म्हणून सगळं पाणी एकदम ओतू नये. गुळगुळीत झाल्यावर आणखी १०० मिली घालून पातळ करा. फोडणीत सुमारे २०० मिली पाणी उकळलं की आंच कमी करून हे पीठ बारीक धारेने सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत. झाकण ठेवून मंद आंचेवर ५ ते ७ मिनिटं शिजवा, मधूनमधून तळ हलवा. फार घट्ट वाटलं तर गरम पाणी घाला.

झुणक्यात पीठ पेरतात, तेव्हा ते भाजलेलं आणि चाळलेलं असेल तर फरक लगेच कळतो. पेरताना मूठ रिकामी करू नका, बोटांतून सोडा. भज्यांच्या पिठाला मात्र भाजायची गरज नाही, तेलाची आंच ते काम करते. चाळून घेतलं की पुरे.

एका बाबतीत भाजणं काहीच करू शकत नाही. पिठाला जुन्या तेलासारखा खवट वास येत असेल, तर ते कच्चेपणाचं लक्षण नाही. आतलं तेल खराब झालेलं आहे. भाजून तो वास जात नाही, उलट गरम झाल्यावर जास्त जाणवतो. असं पीठ चाळण्यात वेळ घालवू नका, टाकून द्या.