७.४ चे टक्के करू नका: परदेशी अर्जातला शिक्षणाचा रकाना

जुलैचा पहिला आठवडा होता. पेरण्या आटोपून आमच्याकडे डवरणीची घाई सुरू झालेली, आणि काकाच्या पोरीचा फोन आला. गावात रेंज राहत नाही, म्हणून दारव्ह्याला सेतू केंद्रात जाऊन बसली होती. जर्मनीतल्या एका विद्यापीठाचा मास्टर्सचा अर्ज समोर उघडा, मुदत १५ जुलैची.

"दादा, इथी `Minimum passing grade` इचारून राह्यले. सेतूवाला भाऊ म्हणते, चाळीस टाकून दे. टाकू काय?"

मी म्हटलं, काहीच टाकू नको, आधी बाहेर ये. याच रकान्यानं माझं एक वर्ष खाल्लं होतं, म्हणून आवाज जरा चढलाच.

माझं झालं ते असं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याचं हायस्कूल, तिथलंच ज्युनिअर कॉलेज, आणि पुढे इंजिनिअरिंग. बी.ई.चा शेवटचा सीजीपीए ७.४, दहापैकी. अर्ज भरताना स्क्रीनवर तीन रकाने एकाखाली एक आले: मिळालेला ग्रेड, सर्वांत चांगला शक्य ग्रेड, आणि पास होण्यासाठीचा सर्वांत कमी ग्रेड. मला वाटलं, बाहेरच्या लोकांना सीजीपीए कुठं कळणार, आपण टक्के करून देऊ. इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये एक सूत्र फिरत असतं, सीजीपीएमधून ०.७५ वजा करा आणि दहानं गुणा. ते लावलं, ६६.५ आले. मग १०० आणि ४० टाकून मोकळा झालो. त्या कोर्सची अट होती, जर्मन श्रेणीत २.५ किंवा त्याहून चांगलं. नकाराचं पत्र आलं तेव्हा त्यात माझी श्रेणी २.६ च्या पुढे होती. मला वाटलं, आपले मार्कच कमी पडले. घरी तसंच सांगितलं.

मार्क कमी नव्हते. जर्मनीत श्रेणी उलटी चालते, १.० सर्वांत चांगली आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. बाहेरच्या देशाचे गुण त्या मापात बसवायला तिथं सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. ते एवढंच आहे:

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

`Nmax` म्हणजे तुमच्या मोजपट्टीवरचा सर्वांत वरचा ग्रेड, `Nmin` म्हणजे पास होण्याचा खालचा, आणि `Nd` तुमचा. मी भरलेले आकडे यात घातले तर १०० मधून ६६.५ गेले, ३३.५ उरले. त्याला तीनानं गुणून ६० नं भागायचं आणि एक मिळवायचा: २.६७५. आता तोच माणूस, तेच गुण, पण ग्रेडशीटवर जसं छापलंय तसं भरलं तर? वर १०, खाली ४, माझे ७.४. दहातून ७.४ गेले, २.६ राहिले, गुणिले तीन, भागिले सहा, अधिक एक. २.३. म्हणजे मी पात्र होतो, आणि स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर काढलं होतं.

हे काहून होते ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी दुसरीकडं अडकाल. सीजीपीएची पट्टी आणि टक्क्यांची पट्टी समांतर नाहीत. ०.७५ वालं सूत्र वरच्या टोकालाही तेवढंच कापतं, म्हणजे १० पैकी १० असले तरी ९२.५ टक्केच होतात. तुम्ही मात्र शेजारच्या रकान्यात कमाल १०० लिहिता. जे साडेसात टक्के कोणालाच मिळू शकत नाहीत, ते सूत्राच्या हिशेबात तुम्ही गमावलेले धरले जातात. दुसरीकडे काही पोरं ९.५ नं गुणतात. तो आकडा सीबीएसईच्या दहावीचा होता, जेव्हा तिथं सीजीपीए देत होते. त्याचा आपल्या बी.ई.शी काही संबंध नाही. त्यानं ७.४ चे ७०.३ होतात आणि सूत्रातून २.४८५ निघतं. २.५ च्या आत बसतं, म्हणून लोकांना ते गोड वाटतं. पण ७०.३ हा आकडा तुमच्या कोणत्याच कागदावर नाही. तपासणारा माणूस अर्ज आणि कागद शेजारी ठेवून बघतो, आणि तिथं विचारणा येते. मुदत संपल्यावर आली तर उत्तर देऊन काय उपयोग?

म्हणून नियम एकच धरा. पोर्टलनं स्वतः टक्के मागितले नाहीत तोवर जे कागदावर छापलंय तेच, त्याच पट्टीवर भरायचं. मागितलेच, तर विद्यापीठानं लेखी दिलेलं सूत्र वापरायचं आणि तो कागद सोबत जोडायचा. मित्राच्या कॉलेजचं सूत्र चालत नाही.

खालचा ४ कुठून आला, हा खरा प्रश्न. यूजीसीनं सुचवलेल्या दहा गुणांच्या पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी म्हणजे पास ४. अनेक विद्यापीठांनी ती घेतली, पण सगळ्यांनी जशीच्या तशी नाही. कुठं पासची पायरी ५ वर आहे. कुठं एका पेपरला ४ चालतात, पण पदवी मिळायला एकूण सीजीपीए ठराविक लागतो, आणि मग खालचा आकडा कोणता धरायचा यावर वाद होतो. फरक लहान नाही: माझ्याच ७.४ ला खाली ५ धरले तर २.५६ येतं, म्हणजे पुन्हा बाहेर. त्यामुळे अंदाजानं टाकू नका, आणि आपल्या सोयीचा म्हणून मुद्दाम खालचाही टाकू नका. तुमच्या ग्रेडशीटच्या मागच्या बाजूला ती पट्टी बहुतेक वेळा छापलेली असते. नसेल तर कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ग्रेडिंगचं पत्र किंवा ट्रान्स्क्रिप्ट घ्या, आणि त्यात पासचा आकडा स्पष्ट लिहून मागा. याला आमच्याकडं दोन-तीन चकरा लागतात. एसटीचा एक दिवस अर्जाला, एक दिवस "साहेब मीटिंगमध्ये आहेत" याला. जूनमध्येच निघा.

काकाच्या पोरीकडं ग्रेडशीट होत्या आठही. फोनवर म्हटलं, उलट करून बघ. थोडा वेळ काही आवाज नाही, मग: "हाव दादा, मांगं छापलं आहे. पी चार. पण म्या त फक्त समोरूनच स्कॅन केलं."

ही चूक इतकी साधी आहे की कोणी सांगत नाही. स्कॅन करणारा समोरची बाजू घेतो, मागची पांढरी-राखाडी बारीक अक्षरं त्याला जाहिरातीसारखी दिसतात. पण तुमच्या `Minimum passing grade` चा पुरावा तिथंच असतो. दोन्ही बाजू घ्या, एकाच पीडीएफमध्ये, सेमिस्टरच्या क्रमानं. आणि एटीकेटी लागली असेल तर नापासाची ग्रेडशीटही ठेवा, नंतरच्या पासाचीही. लपवली तर क्रमात भोक दिसतं आणि शंका उलट वाढते.

तिचा सीजीपीए ७.९. वर १०, खाली ४. दहातून ७.९ गेले २.१, गुणिले तीन ६.३, भागिले सहा १.०५, म्हणजे २.०५. तिनं मोबाईलवर तीनदा करून बघितलं. रकान्यात टाकायला गेली तर लाल अक्षरं. जर्मन लोक दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. 7.9 ऐवजी 7,9 लिहिलं आणि घेतलं. टाकून झाल्यावर पान पुढे नेण्याआधी आकडा परत वाचा, टिंब गिळून ७९ झालेला मी एका मित्राच्या अर्जात पाहिला आहे.

आता शाळेचा भाग. तो सोपा वाटतो, पण तिथं आपल्याकडच्या शब्दांचाच घोळ आहे. आपण म्हणतो "अकरावीला कॉलेजला गेलो". त्या सवयीनं पोरं ज्युनिअर कॉलेज विद्यापीठाच्या रकान्यात भरतात. मग अर्ज वाचणाऱ्याला दिसतं की याचं शालेय शिक्षण दहा वर्षांचं आणि पदवीला सहा वर्षं लागली. ज्युनिअर कॉलेज म्हणजे शाळाच. शालेय शिक्षण बारा वर्षं, शेवटचं प्रमाणपत्र एचएससी, आणि विद्यापीठाच्या रकान्यात फक्त बी.ई. बोर्डाचं नाव गुणपत्रकाच्या डोक्यावर आहे तसंच: `Maharashtra State Board of Secondary and Higher Secondary Education, Pune`. यवतमाळचं विभागीय मंडळ अमरावती, पण मुख्य नावात ते मिसळू नका. कॉलेजचं नाव टीसीवरून घ्या. टीसी मराठीत असेल आणि पोर्टल ती मागत असेल, तर जर्मन किंवा इंग्रजीत अधिकृत भाषांतर लागतं. घरी टाईप केलेलं चालत नाही.

बारावीचे टक्के काढताना एकूण किती गुणांपैकी ते बघा. माझ्या वेळी, २०१६ ला, पर्यावरणाचे ५० धरून एकूण ६५० होते. मला ४२२, म्हणजे ६४.९२ टक्के. ६०० नं भागलं असतं तर ७०.३३ आले असते, आणि ते खोटं झालं असतं. पासचा आकडा ३५.

नावाचं एक: बोर्ड आडनाव आधी छापतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा. भारतातून जाणाऱ्यांना आता एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे आहेत का ते तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्रही लागतं, तिथंही हेच कागद जातात. दोन्हीकडे तारखा, नाव आणि सीजीपीए अक्षरशः सारखे ठेवा. पदवीची तारीख म्हणून शेवटच्या पेपरची तारीख टाकू नका, प्रोव्हिजनल किंवा पदवी प्रमाणपत्रावर असेल ती टाका.

संध्याकाळी सेतू बंद व्हायच्या आधी तिचा परत फोन. मागच्या बाजू स्कॅन झाल्या, सगळं चढलं, पण दहावीच्या टक्क्यांवर अडली होती. गुणपत्रकावर विषय सहा आणि टक्के बेस्ट ऑफ फाइव्हचे. "सहाचे काढू का पाचाचे?"

"छापलेले."

"छापलेले त पाचाचे आहेत."

"मंग तेच. आन् लाईट जायच्या आधी सबमिट कर."