छाटणीच्या नावाने उघडलेला चॅनल

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये मी पहिला व्हिडिओ टाकला. बाग चुलत्यांची, मोबाईल माझा, विषय फळछाटणी. चॅनलला नाव द्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गाव तासगाव, पीक द्राक्ष, काम छाटणी, म्हणून ‘तासगाव द्राक्ष छाटणी’. त्या वेळी यापेक्षा चांगलं नाव असूच शकत नाही असं वाटलं होतं. कुणीही वाचावं आणि आत काय आहे ते कळावं.

पहिली गंमत महिन्याभरातच झाली. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना मी `tasgaondrakshachatni` असं टाकलं होतं. कोकणातल्या एका बाईंनी कमेंटमध्ये विचारलं, ‘द्राक्षाची चटणी किती दिवस टिकते?’ आम्ही हसून सोडून दिलं. पण मराठी नाव इंग्रजी अक्षरांत गेलं की त्याचं काय होतं, हे कळायची ती पहिली खूण होती. मी ती पाहिली नाही.

दोन वर्षं बरं चाललं. ऑक्टोबरमध्ये छाटणी आणि डोळ्यांना पेस्ट लावणं, मग विरळणी, डाऊनी आणि भुरी हे रोग, फेब्रुवारी-मार्चात बेदाणा शेड, एप्रिलमध्ये खरड छाटणी. बागेचं वर्ष संपलं की चॅनलचंही संपायचं. तिसऱ्या वर्षी तेच व्हिडिओ पुन्हा करायला बसलो आणि कंटाळा आला. मला हळदीवर बोलायचं होतं, ती जमिनीखाली साठवायच्या हरिपूरच्या पेवांवर बोलायचं होतं, बेदाण्याच्या सौद्यात उधारी कशी अडकते यावर बोलायचं होतं. शिवाय व्हिडिओऐवजी नुसता ऑडिओ, निवांत गप्पांचा पॉडकास्ट करायचा होता. बागेत फवारणी करताना लोक कानात हेडफोन घालतात, हे मी रोज बघत होतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याला मुलाखतीसाठी फोन केला. त्यांनी विचारलं, चॅनल कुठला? मी नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “पावणं, तुम्ही द्राक्षातलं. आमच्यात कशाला येताय?” रागावून नाही, अगदी सरळपणे. त्यांच्या दृष्टीने मी चुकीच्या दुकानात शिरलेला माणूस होतो.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण नवीन पोरं मला हेच विचारतात. नाव अरुंद असलं म्हणून यूट्यूब तुमचे दुसऱ्या विषयाचे व्हिडिओ दाबून ठेवत नाही. माझा हळदीचा पहिला व्हिडिओ पडला तो नावामुळे नव्हे. माझे सबस्क्रायबर छाटणीसाठी आलेले होते आणि त्यांना हळदीशी देणंघेणं नव्हतं. नाव बदलूनही ते लोक हळद बघणार नव्हतेच. नावाचा फटका वेगळ्या ठिकाणी बसतो. हळदवाला समोर व्हिडिओ आला तरी खालचं नाव वाचून ‘हे आपलं नाही’ म्हणून पुढे जातो, पाहुणा यायला तयार होत नाही, आणि तुम्ही स्वतः नवीन विषय घ्यायला बिचकता. तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. वर्षभर मी चांगले विषय वहीत लिहून नुसते ठेवले होते.

दुसरा प्रश्न असा येतो की, नावातून द्राक्ष काढलं तर शोधणाऱ्याला मी सापडणार कसा? शोधणारा माणूस ‘ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्ट कधी लावायची’ असं शोधतो. हे शब्द व्हिडिओच्या शीर्षकात आणि खालच्या माहितीत हवेत. तिथे ते दर वेळी बदलता येतात, चॅनलच्या नावात नाही. विषयांच्या प्लेलिस्ट वेगळ्या करता येतात. पॉडकास्टमध्ये कार्यक्रमाचं नाव शोधात जास्त उपयोगी पडतं हे खरं, पण म्हणून ‘शेती द्राक्ष हळद ऊस बेदाणा माहिती’ असली माळ नावात ओवू नका. ॲपल पॉडकास्ट्सच्या नियमांत हे बसत नाही. नाकारलं जाऊ शकतं.

मग नवीन नाव शोधायला बसलो. आधी उलट्या टोकाला गेलो, ‘ग्रामीण महाराष्ट्र’, ‘आपली माती’ असली नावं. त्यांच्यात काहीही मावतं आणि म्हणूनच कुणालाही आठवत नाहीत. मित्राला सकाळी सांगितलेलं नाव संध्याकाळी विचारलं, तर तो म्हणाला, “काहीतरी मातीचं होतं बघ.” तेव्हा लक्षात आलं की नावात विषय नको, पण जागा हवी. बोलणारा कुठे उभा राहून बोलतोय ते दिसायला पाहिजे.

मला ती वाट आमच्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या गोष्टीतून सापडली. किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं नियतकालिक निघायला लागलं. नांगर आणि यंत्रं करणाऱ्या कारखान्याचं ते पत्र, त्यामुळे ‘खबर’ शब्द तेव्हा चपखल होता. पुढे त्यात कथा, लेख, समाजसुधारणेचे वाद यायला लागले आणि ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. म्हणजे नाव दोन तुकड्यांचं होतं. एक टिकणारा, एक गळणारा. वाचकाला नवीन नाव शिकावं लागलं नाही, अर्धं कमी झालं इतकंच. माझ्या नावात असा टिकणारा तुकडाच नव्हता. तासगाव काढा, द्राक्ष काढा, छाटणी काढा, मागे काही उरत नाही.

यादीत चार शब्द राहिले: बांध, पाणंद, वाफसा, मांडव. चारही शेतातलेच, पण शेतीपुरते नाहीत. मग मी त्यांची एक चाचणी घेतली आणि ती मात्र नव्या माणसाने जरूर घ्यावी. चहाच्या टपरीवर सहा ओळखीच्या लोकांना शब्द तोंडी सांगितला, लिहून दाखवला नाही, आणि मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत टाईप करायला लावला. मग तोच शब्द फोनच्या माईकमध्ये बोलून शोधायला लावला.

‘बांध’ सहाही जणांनी `bandh` लिहिला. एकसारखा, पण तो वाचताना ‘बंद’ होतो. बंद चॅनल कोण उघडणार? ‘पाणंद’ लिहिण्यात फार घोळ नव्हता, पण माईकला दोनदा ‘आनंद’ ऐकू आलं. ‘वाफसा’ मला सगळ्यात आवडता. जमीन ना ओली ना कोरडी, मशागतीला बरोबर झाली म्हणजे वाफसा आला. पण तो `vafsa`, `wafsa`, `vaphsa`, `vapasa` असा चार तऱ्हांनी लिहिला गेला. v की w, f की ph, हे प्रश्न ज्या शब्दात दोनदा येतात त्याची स्पेलिंग प्रत्येक वेळी सांगत बसावी लागते. टपरीवाल्याच्या पोराने तर विचारलं, हे काय असतं? तो शेतकऱ्याचा नव्हता. माझा पुढचा श्रोता तोच असणार होता.

राहिला ‘मांडव’. द्राक्षाची वेल तारांच्या मांडवावर चढवतात, म्हणून जुना प्रेक्षक आत राहतो. मांडवात माणसं जमतात, बसतात, बोलतात, म्हणून हळदवालाही येऊ शकतो. फक्त नुसतं ‘मांडव’ शोधलं की लग्नाच्या मांडवांची सजावट समोर येते. म्हणून ‘मांडवाखाली’ केलं. इथेही दोन स्पेलिंग आल्या, `mandavakhali` आणि `mandvakhali`. कारण बोलताना मधला ‘ड’ आपण अर्धाच करतो. मी लांब स्पेलिंग घेतली आणि तोकडी खालच्या माहितीत लिहून ठेवली.

त्यानंतर वहीतले विषय काढून प्रत्येकापुढे नाव मोठ्याने वाचलं. ‘मांडवाखाली: भुरीचं औषध कधी चुकतं.’ चाललं. ‘मांडवाखाली: पेवातली हळद.’ चाललं. ‘मांडवाखाली: बारावीनंतर घरच्या शेतीत थांबलेली मुलगी.’ हेही चाललं. जुन्या नावापुढे हीच यादी वाचली तर दुसऱ्याच विषयाला जीभ अडखळते. दहा-बारा विषय तरी घ्या, आणि त्यात आज हास्यास्पद वाटणारे दोन-तीन असू द्या.

प्रत्यक्ष बदल करणं सोपं आहे, पण त्यात दोन खाचा आहेत. यूट्यूबवर चॅनलचं नाव आणि @ लागणारं हँडल या वेगळ्या गोष्टी. १४ दिवसांत दोन्ही फार तर दोनदा बदलता येतात. हँडल बदललं की जुनं १४ दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात आणि त्याची लिंकही तोवर चालते. मी हे वाचलं होतं. तरी बेदाणा शेडवर जुन्या हँडलचा कापडी फलक वर्षभर तसाच लटकला होता. वाऱ्याने फाटला तेव्हा उतरवला. एक लाख सबस्क्रायबरनंतर मिळणारी पडताळणीची खूण नाव बदलल्यावर जाते. ती माझ्याकडे नव्हती, म्हणून ती चिंता नव्हती. पॉडकास्टचं नाव होस्टिंगमध्ये बदललं की फीडमधून बाकीच्या ॲपवर थोड्या वेळाने पोचतं. फीडचा पत्ता मात्र बदलू द्यायचा नाही. होस्टिंगच बदलायचं असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावूनच.

एकदम बदलण्याऐवजी पहिलं वर्ष मी ‘मांडवाखाली – तासगाव द्राक्ष छाटणी’ असं जोडनाव ठेवलं. नंतर मागचं काढून टाकलं. कुणी विचारलंसुद्धा नाही.

नोंदणीचंही थोडं सांगतो. ‘तासगाव द्राक्ष छाटणी’सारखं, वस्तूचं वर्णन आणि गावाचं नाव एवढंच सांगणारं नाव ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९ खाली सहसा नाकारलं जातं. आमच्यासारखंच नाव घेऊन दुसऱ्या कुणी चॅनल काढला तेव्हा मला काहीच करता आलं नव्हतं. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साईटवर वर्ग ४१ मध्ये, म्हणजे शिक्षण आणि मनोरंजनाच्या वर्गात, शोधून बघा. शोधायला पैसे लागत नाहीत.

जे दुरुस्त झालं नाही ते आवाजातलं. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मी ‘नमस्कार, तासगाव द्राक्ष छाटणीमध्ये स्वागत’ म्हणत होतो. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाईल त्याच लिंकवर बदलता येत नाही, फार तर तिथल्या एडिटरमध्ये सुरुवात कापता येते. मी जास्त बघितले जाणारे वीसेक कापले, बाकीचे तसेच आहेत. पॉडकास्टची ऑडिओ फाईल बदलता येते, म्हणून तिथे आता मी स्वागताचा तुकडा वेगळा रेकॉर्ड करतो आणि शेवटी जोडतो.

तो अडत्या पुढच्या हंगामात आला. रेकॉर्डिंगच्या आधी त्याने विचारलं, “मांडव कसला, लग्नाचा?” मी म्हटलं, द्राक्षाचा. तो म्हणाला, “मग बसूया की.” गावात मला अजूनही छाटणीवालाच म्हणतात.